राउटरला २.५ जी पोर्ट आहे, तरी कॉपी ११२ वरच अडकलीय. सांगली, गावभाग

फ्रेमवाला | सोमवार, रात्री ११.४०

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून धागा काढतोय. गावभागात आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, तळमजल्यावर. २०१९ च्या पुरात स्टुडिओतलं बरंच सामान पाण्यात गेलं. तेव्हापासून सगळा डेटा दुसऱ्या मजल्यावर, घरातल्या एका जुन्या लिनक्स संगणकात ठेवतो. घरात त्याला 'डबा' म्हणतात, मीही इथं तेच म्हणेन.

एका लग्नाचं सामान ३५० ते ४०० जीबी होतं. डब्यातून खाली एडिटिंगच्या संगणकावर घ्यायला तासभर जातो. कॉपीचा आकडा सेकंदाला ११२ एमबीवर येऊन बसतो, तो काही केल्या हलत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात खोक्यावर ठळक २.५ जी लिहिलेला नवा राउटर आणला. लावला, कॉपी सुरू केली, आकडा ११२!

मांडणी अशी: डबा आणि राउटर वर, राउटरच्या पाठीमागून साधारण ३५ मीटर वायर खाली, तिथं आठ पोर्टचा स्विच, स्विचला दोन संगणक. इंटरनेट २०० चं आहे, त्याची तक्रार नाही. नेमकं काय बदलू?

बिनधास्त_विटा | सोमवार, रात्री ११.५८

वायर बदल भावा. २.५ ला कॅट-६ च लागते, कॅट-५ई वर ते चालतच नाही. बदलतोच आहेस तर थेट कॅट-७ टाक, पुढची दहा वर्षं बघायला नको.

यार्डातला_हळदवाला | मंगळवार, सकाळी ७.१५

माझाही हाच प्रश्न आहे. आमच्या पेढीवर मोबाइलला वायफायची दोन नावं दिसतात, एकापुढं ५ आणि दुसऱ्यापुढं २.४. ते २.४ चं २.५ करायला सेटिंग कुठं असतं? मुलगा म्हणतो होत नाही.

तारतंत्र | मंगळवार, सकाळी ९.०५

हळदवाले काका, मुलगा बरोबर सांगतोय. तुमचं २.४ म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा. हा धागा राउटरच्या पाठीमागं वायर खुपसायच्या भोकाबद्दल आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

विट्याचे भाऊ, तुमचं निम्मं बरोबर आहे. वायर हा संशयित आहेच, पण कॅट-५ई वर चालत नाही हे खरं नाही. २.५ जीचं मानक २०१६ साली आलं ते मुळात याचसाठी, की इमारतींच्या भिंतींत आधीच गाडलेली कॅट-५ई उकरून काढावी लागू नये. चांगल्या कॅट-५ई वर ते १०० मीटरपर्यंत जायला हवं. कॅट-७ च्या नावानं दुकानात मिळणाऱ्या चपट्या वायरींवर तर पैसे अजिबात घालू नका.

आता फ्रेमवाला, तुमचं. कॉपी होताना फाइल किती भोकांतून जाते ते बोटावर मोजा. डब्याचं कार्ड, राउटरचा एक पोर्ट, राउटरचा दुसरा पोर्ट, वायर, स्विचचा एक पोर्ट, स्विचचा दुसरा पोर्ट, संगणकाचं कार्ड. यातलं एक जरी गिगाबिटचं असलं तरी सगळी वरात त्याच्याच चालीनं चालणार. ११२ हा गिगाबिटचा ठसाच आहे. हजारला आठनं भागलं की १२५, त्यातून पाकिटांचा वरखर्च वजा केला की ११२ ते ११८. हा आकडा जागचा हलत नसेल तर वायर खराब आहे असं लगेच म्हणू नका, ती गिगाबिटचं काम चोख करतेय. वाटेत २.५ चा अख्खा रस्ताच नाही.

राउटरच्या पाठीमागं नेमकं काय लिहिलंय ते सांगा. २.५ चे पोर्ट किती?

फ्रेमवाला | मंगळवार, दुपारी १.३०

अरेरे. चष्मा लावून बघितलं. एकच निळा पोर्ट, त्यावर `2.5G WAN`. बाकीचे तीन पिवळे, त्यावर नुसते 1, 2, 3. आणि त्या निळ्यात आमच्या इंटरनेटवाल्याची वायर बसलीय.

तारतंत्र | मंगळवार, दुपारी २.१०

म्हणजे घरातला सगळ्यात रुंद दरवाजा तुम्ही २०० च्या इंटरनेटला दिलाय, आणि ते मागच्या गल्लीतूनही आरामात आलं असतं. खोक्यावर '२.५ जी' लिहिलं की लोकांना वाटतं सगळे पोर्ट तसलेच. बहुतेक वेळा एक असतो, फार तर दोन.

काही राउटरमध्ये सेटिंगमधून निळ्या पोर्टला घराच्या बाजूला घेता येतं आणि इंटरनेट पिवळ्यात देता येतं. पण तुमच्या कामाला तेही पुरणार नाही, कारण एक टोक निळ्यात गेलं तरी दुसरं टोक पिवळ्यातच राहील.

तुमची फाइल डब्यातून संगणकात जायची आहे. दोघं एकाच २.५ जीच्या स्विचवर बसले तर ती फाइल राउटरकडं जाणारच नाही. राउटरनं पत्ते वाटून द्यायचे आणि इंटरनेट द्यायचं, बास. तो साध्या गिगाबिटच्या पोर्टनं स्विचला जोडलेला असला तरी काही बिघडत नाही. राउटर परत घेत असतील तर परत करा. त्या पैशात पाच पोर्टचा २.५ जी स्विच बघा.

फ्रेमवाला | मंगळवार, दुपारी २.२५

परत घेत नाहीत. खोकं फोडलं म्हणे. असो. मग आज दुकानात गेलो तर यादी काय नेऊ?

तारतंत्र | मंगळवार, दुपारी २.५०

स्विच आज घेऊ नका. आधी दोनच वस्तू आणा. डब्यासाठी आत बसणारं २.५ जीचं कार्ड, कारण तो चोवीस तास चालतो. संगणकासाठी यूएसबीचा २.५ जी अडॅप्टर. सध्याची लांब वायर राउटर आणि स्विच दोन्हींतून काढा, वरचं टोक डब्यात, खालचं टोक अडॅप्टरमध्ये. थेट. त्यासाठी उलटसुलट क्रिंप केलेली वेगळी वायर लागत नाही, आताची कार्डं आपापलं जुळवून घेतात. डब्याला हातानं `10.10.10.1` पत्ता द्या, संगणकाला `10.10.10.2`, मास्क दोन्हींकडं `255.255.255.0`.

इथं २.५ लागला तर वायर पास, मग स्विच घ्या. नाही लागला तर स्विचचे पैसे तूर्त वाचले.

कासपठार | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

मध्येच घुसते, राग मानू नका. साताऱ्यात आमच्या ऑफिसात आठ कॅमेरे आहेत आणि तो बसवणारा म्हणतोय की सगळं २.५ वर न्या, चित्र अडकणार नाही. दुसरं म्हणजे भावानं जुन्या बाजारातून १० जीचं सर्व्हरचं कार्ड आणलंय. तो म्हणतो १० चं कार्ड २.५ ला चालणारच, मोठ्यात लहान मावतं.

तारतंत्र | मंगळवार, रात्री ८.००

ताई, एक कॅमेरा फार तर ४ ते ८ मेगाबिट ओढतो. आठांचे मिळून ६४ धरा. त्याला १०० चा स्विचही पुरतो. चित्र अडकत असेल तर वायर, जॅक नाहीतर रेकॉर्डर बघा, २.५ चा काही संबंध नाही.

भावाच्या कार्डाबद्दल मात्र जपून. १० जीची जुनी वायरवाली कार्डं बरीचशी २.५ च्या आधीची आहेत. त्यांना १० माहीत, १ माहीत, मधलं काहीच माहीत नाही. २.५ च्या स्विचला लावली की ती मुकाट्यानं १ वर जोडली जातात. वेगांच्या यादीत २.५ स्पष्ट लिहिलंय का तेवढं बघा.

बिनधास्त_विटा | मंगळवार, रात्री १०.३०

एवढा खर्च कशाला म्हणतो मी? डब्याला दोन गिगाबिट पोर्ट असतील तर दोन वायरी टाकायच्या, दोन्ही एकत्र बांधायच्या, झालं २ जी. आमच्या इथं एका बँकेत तसंच केलंय.

तारतंत्र | मंगळवार, रात्री १०.५५

बँकेत एकावेळी पन्नास जण काम करतात. निम्मे एका वायरीनं जातात, निम्मे दुसरीनं. इथं एक माणूस एक कॉपी करतोय. अशा जोडणीत एका कॉपीची सगळी पाकिटं एकाच वायरीनं जातात, दुसरी नुसती बघत बसते. आकडा परत ११२.

बिनधास्त_विटा | मंगळवार, रात्री ११.१०

विंडोजच्या शेअरिंगमध्ये मल्टिचॅनल असतं ना, ते दोन्ही वायरी वापरतं. मी स्वतः करून बघितलंय, २०० च्या वर गेलं होतं.

तारतंत्र | मंगळवार, रात्री ११.२०

हे मान्य. ते वेगळं प्रकरण आहे, आणि जमलं तर खरंच चालतं. पण त्याला दोन्ही टोकांना दोन-दोन कार्डं लागणार, दोन वायरी लागणार, आणि डब्यावर लिनक्स आहे म्हणजे तिकडची सेटिंगंही करावी लागणार. फ्रेमवाल्यांकडं खाली एकच वायर जातेय. त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

फ्रेमवाला | गुरुवार, रात्री ९.४५

कार्ड आणि अडॅप्टर आणले, सांगितल्याप्रमाणे थेट जोडलं. ऐका गंमत. विंडोजमध्ये लिंक `2.5 Gbps` दिसली. मी खूश, बायकोला हाक मारून दाखवलं. कॉपी सुरू केली तर ३८! पूर्वी ११२ होती, आता ३८! पैसे घालून तिप्पट हळू झालं राव.

तारतंत्र | गुरुवार, रात्री ९.५५

अडॅप्टर संगणकाच्या पुढच्या बाजूला, काळ्या भोकात लावलाय का?

फ्रेमवाला | गुरुवार, रात्री ९.५८

हो. तुम्ही इथं कॅमेरा लावलाय का?

तारतंत्र | गुरुवार, रात्री १०.१०

३८ वरून कळतं. ते यूएसबी २ चं भोक आहे, त्याची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट, हातात पडतात सेकंदाला ३५ ते ४० एमबी. अडॅप्टर वायरीच्या बाजूला २.५ वर जोडला गेला म्हणून लिंक २.५ दाखवते, ती खोटं बोलत नाही. पण त्याच्या पाठीमागं संगणकात शिरायची बोळच अरुंद. पाठीमागं निळं भोक असेल, थेट मदरबोर्डवरचं, त्यात लावा. हब नको, लांबवणारी यूएसबी वायर नको.

मग कॉपी करून बघू नका, डिस्क मध्ये येते. नुसती वायर मोजा. डब्यावर पहिली ओळ, संगणकावर बाकीच्या:

```
iperf3 -s

iperf3 -c 10.10.10.1 -t 30
iperf3 -c 10.10.10.1 -t 30 -R
```

शेवटच्या ओळीतलं `-R` उलट दिशेसाठी. दोन्ही दिशांना २.३५ च्या आसपास यायला हवं.

फ्रेमवाला | शुक्रवार, सकाळी ११.३०

निळ्या भोकात लावलं. एका दिशेनं २.३, दुसऱ्या दिशेनं १.१ ते १.९ असं उड्या मारतंय. पाच-दहा मिनिटांनी लिंक तुटते, परत जोडली जाते ती `1 Gbps` वर. मग अडॅप्टर काढून लावला की पुन्हा २.५. कार्डाबरोबर आलेल्या दोन मीटरच्या वायरीनं डबा खाली आणून जोडला तर दोन्ही बाजूंना २.३५, तासभर हललं नाही.

तारतंत्र | शुक्रवार, दुपारी १२.१५

डबा खाली आणून बघितलात हे उत्तम केलंत. आता गुन्हेगार भिंतीतच आहे. गिगाबिटला ती वायर कशीबशी पुरत होती, २.५ ला कमी पडतेय, म्हणून दोन्ही टोकं दमून खालच्या वेगावर उतरतात.

घरात मल्टिमीटर आहे का? एका टोकाचा जॅक कापा, निळ्या जोडीच्या दोन तारा सोलून एकमेकींना पिळा. दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांवर मीटर लावा. नेहमीच्या जाडीच्या शुद्ध तांब्याच्या ३५ मीटर वायरीला जाऊन-येऊन ६ ओहमच्या जवळपास यायला हवं. मीटरच्या पिनांचा थोडा वजा करा.

फ्रेमवाला | शुक्रवार, संध्याकाळी ७.४०

९.६ आले. पिना एकमेकींना लावल्या तर ०.३. म्हणजे ९.३.

मग तार ब्लेडनं खरवडली. वर तांब्याचा रंग, आत पांढरी फटफटीत. दोनदा वाकवली तर तुटली. वायरीवर शंभर गोष्टी छापल्यात, पण आत ॲल्युमिनियम आहे हे कुठंच नाही. २०१९ नंतर घाईत ज्यांनी जी टाकली ती आम्ही टाकून घेतली.

आणखी एक. खालच्या भिंतीतला जॅक उघडला तर आठही तारांचा पीळ बोटभर सोडवून, सरळ करून बसवल्या होत्या. शिवाय त्याच पाइपातून इन्व्हर्टरची वायर गेलीय.

बिनधास्त_विटा | शुक्रवार, रात्री ८.०५

मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, वायर बदल.

तारतंत्र | शुक्रवार, रात्री ८.३०

म्हणाला होतात, श्रेय घ्या.

प्रामाणिकपणे सांगतो, या तिघांतलं नेमकं कशानं लिंक पडत होती हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार कमकुवत असतेच. पीळ सुटलेला असला की शेजारच्या जोडीचा आवाज आत शिरतो. आणि इन्व्हर्टर तर इन्व्हर्टरच. शोधत बसण्यापेक्षा नवीन वायर टाका, वेगळ्या पाइपातून.

आता मुद्दा. पाइप टाकणारच आहात तर एक नाही, दोन वायरी टाका. एक डब्याच्या कार्डातून थेट खाली, दुसरी राउटरच्या पिवळ्या पोर्टातून खाली. दोन्ही खालच्या एकाच २.५ जी स्विचला. तसं नाही केलं तर वर डबा आणि राउटर जोडायला आणखी एक २.५ जी स्विच लागेल. वायरीचे चार पैसे जास्त, स्विचचे वाचले. पाच पोर्टांतले चार भरतील, एक शिल्लक.

वायर कॅट-६ घ्या. ५ई पुरेल, पण नवीन टाकताना फरक थोडा आणि जाड तांबं मिळतं. दुकानातच टोक कापून खरवडून बघा, लाजू नका. जॅक बसवताना पीळ अगदी शेवटच्या अर्ध्या इंचापर्यंत राहू द्या. आणि स्विच छताजवळ टांगा, गावभाग आहे.

फ्रेमवाला | पुढचा बुधवार, रात्री १०.२०

झालं. दोन वायरी, नवा पाइप, स्विच दरवाजाच्या चौकटीच्या वर. दुकानदारासमोर ब्लेड काढलं तर म्हणाला, "साहेब, ही नका घेऊ, आतली दाखवतो." न विचारता आतली निघाली.

iperf3 दोन्ही बाजूंना २.३५, रात्रभर चालू ठेवला. आणि कॉपी? १८५.

तारतंत्र | पुढचा बुधवार, रात्री १०.४०

आता नेटवर्क संपलं, डिस्क सुरू झाली. डब्यात फिरणाऱ्या हार्ड डिस्कच आहेत ना? एका डिस्कला एवढंच जमतं, आणि भरत आली की आतल्या कडेला आणखी हळू होते. चालू लग्नांपुरती एक एसएसडी डब्यात टाका, काम संपलं की रात्री आपोआप डिस्कवर हलवा.

फ्रेमवाला | रविवार, दुपारी ४.००

एसएसडी टाकली. मोठ्या व्हिडिओ फाइलींना २८० येतायत. काल ३८० जीबीचं लग्न चहा पिऊन, एक गिऱ्हाईक हाताळून येईपर्यंत उतरलं, तेवीस मिनिटं. फोटोंचे फोल्डर मात्र अजूनही शंभरच्या आसपासच रेंगाळतात.

कासपठार | रविवार, संध्याकाळी ५.१०

बारीक फाइली हजारो असल्या की तसंच होतं, आमच्याकडं नकाशांचं असंच आहे. आम्ही झिप करून पाठवतो. बाकी, कॅमेरेवाल्याला नाही म्हणून सांगितलं. एक जॅक गंजला होता, तेवढाच निघाला.

फ्रेमवाला | मंगळवार, दुपारी ३.३०

एक शेवटचं. दुपारी दोन ते चारमध्ये पहिल्या संगणकाचा यूएसबी अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापतो आणि लिंक दोन-तीन सेकंद जाते. लगेच २.५ वरच परत येते. दुसऱ्या संगणकात आत बसणारं कार्ड आहे, त्याला काही होत नाही.

तारतंत्र | मंगळवार, दुपारी ४.१५

अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये `Energy Efficient Ethernet` असेल, ते बंद करा. बऱ्याच वेळा तेच असतं. पण दुपारीच होतंय म्हणजे उष्णतेचाही वास येतोय. संगणकाच्या मागं कोंडून न ठेवता मोकळा लटकवून बघा.

फ्रेमवाला | गुरुवार, रात्री ११.००

ते बंद केलं. काल नाही गेली, आज एकदा गेली. मोकळाही लटकवलाय. याही संगणकात कार्डच टाकणार आहे, पण तो उघडायचा म्हणजे अर्धा दिवस गेला आणि परवापासून सलग चार मुहूर्त आहेत. तोवर दोन सेकंद गेली तर गेली.

यार्डातला_हळदवाला | शुक्रवार, सकाळी ७.०५

फ्रेमवाले, तो राउटर विकायचा असेल तर आधी मला सांगा. मुलगा म्हणतो आपल्याला चालेल.